तेरा मते इकडे, तेरा मते तिकडे : लेवीय १८:२२ आणि डिसेंबर २००६ चा निकाल

पंचवीस जणांच्या समितीपुढे एकाच प्रश्नावर दोन परस्परविरोधी निबंध आले. एक म्हणत होता, समलैंगिक संबंधांवरची बंदी जशीच्या तशी राहील. दुसरा म्हणत होता, बरीचशी उठेल. मतदान झाले आणि दोन्ही निबंधांना तेरा-तेरा मते पडली. तेरा आणि तेरा सव्वीस. म्हणजे निदान एका सदस्याने ‘राहील’च्या बाजूनेही मत दिले आणि ‘उठेल’च्या बाजूनेही. मोजणीत चूक झालेली नव्हती. समितीच्या नियमांत हे चालत होते, आणि या प्रकरणातली खरी गंमत तिथेच आहे.

दिवस ६ डिसेंबर २००६, शहर न्यूयॉर्क. समिती अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह यहुदी पंथाची, धर्मकायदा आणि मानके ठरवणारी. नावातल्या ‘कॉन्झर्वेटिव्ह’वर जाऊ नये. हा पंथ परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स आणि उदारमतवादी रिफॉर्म यांच्या मधला आहे. धर्मकायदा बंधनकारक आहे असे तो मानतो, पण तो कायदा इतिहासात बदलत आला आहे हेही मान्य करतो. रिफॉर्म पंथासाठी हा प्रश्न तोवर बराचसा मिटला होता आणि ऑर्थोडॉक्स पंथात तो अशा रीतीने मतदानाला येणेच शक्य नव्हते. धर्मग्रंथ आणि लैंगिकता यांच्या वादात एखादा समाज नेमका कसा विचार करतो, कुठे अडतो आणि कुठून वाट काढतो हे बघायचे तर असा मधला समाजच बघावा. दोन्ही टोकांना फारसे दिसत नाही.

यहुदी धर्मकायद्याला ‘हलाखा’ म्हणतात. आपल्या हलाखीशी त्याचा काही संबंध नाही. ‘चालणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आलेला हा शब्द, म्हणजे चालण्याची रीत. एखादा प्रश्न उभा राहिला की रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, त्यावर सविस्तर उत्तर लिहितात. त्यात मूळ वचन, तालमूद या प्राचीन ग्रंथातली कायद्याची चर्चा, मध्ययुगीन टीकाकार आणि शेवटी निर्णय असतो. या समितीत अशा निबंधाला पंचवीसपैकी सहा मते मिळाली तरी ते मत ‘वैध’ ठरते. बहुमत लागत नाही. मग प्रत्येक सभास्थानाचा रब्बी, ज्याला परंपरेत ‘त्या जागेचा धनी’ म्हणतात, वैध मतांपैकी आपल्याला पटेल ते निवडतो. तालमूदमध्ये अल्पमतेही जपून ठेवलेली असतात, त्यामुळे यहुद्यांना ही रीत परकी वाटत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र एकाच समितीचा निर्णय ‘हो’ही असतो आणि ‘नाही’ही, हे पचायला वेळ लागतो.

वचन काय म्हणते

सगळा वाद बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनाभोवती फिरतो. हिब्रू शब्दांना धरून मराठीत आणायचे तर ते साधारण असे होईल : ‘आणि पुरुषाबरोबर तू स्त्रीच्या शय्या निजू नकोस, ती तोएवा आहे.’ मराठीत हे वाक्य अडखळते, कारण मूळही सरळ नाही. ‘मिश्कवे इश्शा’ म्हणजे ‘स्त्रीच्या शय्या’ किंवा ‘स्त्रीची निजणी’, आणि तेही अनेकवचनात. भाषांतरकार तिथे ‘प्रमाणे’ घालतात आणि ‘स्त्रीबरोबर निजतात त्याप्रमाणे’ असे सोपे करून टाकतात. हा ‘प्रमाणे’ मुळात नाही. ‘तोएवा’चे भाषांतर बहुधा ‘अमंगळ’ किंवा ‘घृणास्पद’ असे होते. पण तोरेत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, हाच शब्द निषिद्ध अन्नासाठीही येतो आणि खोट्या वजनमापांसाठीही. विसाव्या अध्यायात हीच बंदी पुन्हा येते, तिथे शिक्षा देहान्ताची आहे.

समलैंगिक आणि तत्सम व्यक्तींच्या नजरेने ग्रंथ वाचण्याला क्वीअर वाचन म्हणतात, त्याचे दोन प्रवाह इथे भेटतात. एक प्रवाह कथांकडे जातो. रूथ आपल्या सासूला, नामीला, ‘बिलगून राहिली’ असे म्हणताना जे हिब्रू क्रियापद येते, तेच उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आपल्या पत्नीला ‘जडून राहील’ असे सांगताना आलेले आहे. योनाथान मेल्यावर दावीद म्हणतो की तुझे प्रेम मला स्त्रियांच्या प्रेमाहून अद्भुत होते. या वाचनाचा दावा फार वेळा चुकीचा मांडला जातो. जबाबदार अभ्यासक ‘रूथ समलैंगिक होती’ असे म्हणत नाहीत. ग्रंथाची भाषा अशा जवळिकीला जागा देते आणि परंपरेने ती जागा वाचायचे टाळले, एवढेच ते म्हणतात.

दुसरा प्रवाह थेट बंदीचे शब्द तपासतो. सॉल ओल्यान या अभ्यासकाने १९९४ मध्ये एक साधी युक्ती केली. ‘स्त्रीच्या शय्या’ या शब्दप्रयोगाचा उलटा जोडीदार बायबलमध्ये आहे : ‘पुरुषाची शय्या’. गणनाच्या एकतिसाव्या अध्यायात आणि शास्त्यांच्या एकविसाव्या अध्यायात, कुमारी नसलेल्या स्त्रियांबद्दल बोलताना, ‘जिने पुरुषाची शय्या जाणली आहे’ असे म्हटले आहे. तिथे अर्थ स्पष्टपणे संभोगाचा, म्हणजे लिंगप्रवेशाचा आहे. मग उलट्या बाजूने ‘स्त्रीच्या शय्या’ म्हणजे पुरुष स्त्रीबरोबर जो प्रवेश करतो तो. म्हणून वचनातला निषेध पुरुषांमधल्या गुदमैथुनापुरता आहे. दोन पुरुषांच्या एकूण प्रेमावर किंवा इतर शारीरिक जवळिकीवर ते वचन काही बोलत नाही. काही अभ्यासक उत्पत्ती ४९:४ कडे बोट दाखवतात. तिथे रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेल्या संगाला ‘बापाच्या शय्या’ असे अनेकवचनच वापरले आहे. त्यावरून ते सुचवतात की हा प्रयोग मुळात नात्यातल्या निषिद्ध संबंधांचा असावा. अठरावा अध्याय बहुतांशी नात्यातल्या संबंधांविषयीच आहे, हे त्यांच्या बाजूने. पण शेजारीच पशुगमनाचा निषेध आहे आणि तो नात्याचा नव्हे, हे त्यांच्या विरोधात. मला हे शेवटचे वाचन हुशार वाटते, पण त्यावर मोठा डोलारा उभा करावा इतके पक्के वाटत नाही.

स्त्रियांमधल्या अशा संबंधांबद्दल तोरेत एकही शब्द नाही. ‘मिसर देशाच्या चालीप्रमाणे वागू नका’ या लेवीय १८:३ वरच्या जुन्या भाष्यात त्या चाली कोणत्या ते सांगताना ‘स्त्री स्त्रीशी लग्न करी’ असे येते, आणि बाराव्या शतकात धर्मकायद्याचा मोठा पंडित मायमोनिडीस ते धरून स्त्रियांमधल्या संबंधांना मनाई करतो. पण इथे विशिष्ट असा वेगळा निषेध तोरेत नाही, असेही तो नोंदवतो. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

१९९२ ची गाठ

समितीने हा प्रश्न एकदा १९९२ मध्ये हाताळला होता. तेव्हा निघालेल्या सहमतीच्या निवेदनाचा आशय असा होता : समलैंगिक यहुद्यांचे सभास्थानांत स्वागत असेल, पण त्यांचे विवाहसदृश विधी आम्ही करणार नाही आणि उघडपणे समलैंगिक असलेल्यांना रब्बी किंवा गायक-पुरोहित होण्याच्या शाळांत जाणूनबुजून घेणार नाही. तोरावाचनासारखे मान त्यांना द्यायचे की नाही, हे त्या त्या रब्बीने ठरवावे.

या निवेदनात एक भेग होती आणि टीकाकारांनी ती लगेच दाखवली. स्त्रियांवर तोरेचा निषेध नाही, तरी समलैंगिक स्त्रियाही पुरुषांबरोबरच शाळेबाहेर राहिल्या. म्हणजे कायद्याच्या पायरीने बघितले तर निम्म्या लोकांविरुद्धचा आधार बराच हलका होता. शिवाय ‘जाणूनबुजून’ या शब्दाने एक प्रथा आपोआप तयार केली : सांगायचे नाही आणि विचारायचे नाही. ज्यांना शिकायचे होते त्यांनी पाच-सहा वर्षे गप्प राहायचे. पुढे लोकांना सत्याने वागायला शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाची सुरुवात अशी व्हावी, हे अनेकांना खटकत राहिले.

शौचाचे दगड आणि हसलेले पंडित

२००६ च्या बैठकीत उदार बाजूचा निबंध तिघांचा होता : लॉस एंजेलिसचे एलियट डॉर्फ, मिशिगनचे डॅनियल नेव्हिन्स आणि बाल्टिमोरचे अवराम राईझनर. त्यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही ते आधी बघू. त्यांनी वचनाचा नवा अर्थ लावला नाही. वचन रद्द केले नाही. कथांतली क्वीअर वाचने आधाराला घेतली नाहीत, कारण हलाखेच्या दरबारात कथेला पुरावा म्हणून फारसे वजन नसते. त्यांनी परंपरेतल्याच दोन तुकड्यांची सांगड घातली.

पहिला तुकडा एक जुना मतभेद. मायमोनिडीसच्या मते निषिद्ध व्यक्तीला वासनेने मिठी मारणे किंवा चुंबन घेणे हाही तोरेचाच निषेध आहे आणि त्याला फटक्यांची शिक्षा आहे. तेराव्या शतकातला नाहमानिडीस म्हणतो, नाही. तोरेचा निषेध फक्त प्रत्यक्ष संभोगाला आहे, बाकीचे कुंपण नंतरच्या ऋषींनी, म्हणजे जुन्या रब्बींनी, घातले आहे. तोरेचा नियम आणि ऋषींचा नियम हा फरक यहुदी कायद्यात पायाचा आहे. आपल्या वाचकाला श्रुती आणि स्मृती म्हटले की अंदाज येईल, जरी जोडी तंतोतंत नाही. नाहमानिडीसला धरले की पुरुषांमधल्या गुदमैथुनाचा निषेध तोरेचा राहतो आणि बाकीच्या सगळ्या जवळिकीचा निषेध ऋषींचा ठरतो. स्त्रियांच्या बाबतीत तर सगळाच ऋषींचा.

दुसरा तुकडा तालमूदमधला, बराखोत या ग्रंथाच्या एकोणिसाव्या पानावरचा. चर्चा अशी चालते. रस्त्यात असताना कोणाला आपल्या कपड्यात लोकर आणि ताग यांचे निषिद्ध मिश्रण सापडले तर त्याने भर बाजारात तो कपडा उतरवावा, कारण देवाच्या आज्ञेपुढे कोणाचा मान राखायचा नसतो. मग समोर एक उलटे वचन ठेवले जाते : माणसाचा मान एवढा मोठा की तो तोरेतल्या निषेधालाही बाजूला सारतो. मग कपडा का उतरवायचा? एक पंडित उत्तर देतो की इथला ‘तोरेतला निषेध’ म्हणजे अनुवाद १७:११ मधला एकच : ऋषी जे सांगतील त्यापासून ‘ढळू नकोस’. हे ऐकून बाकीचे हसतात. अरे, तोही तोरेचाच नियम नाही का? तेव्हा रव कहाना त्यांना दटावतो की मोठ्या माणसाने काही सांगितले तर हसू नये, आणि खुलासा करतो : ऋषींचे सगळे नियम या ‘ढळू नकोस’च्या आधारावर उभे आहेत, आणि जिथे माणसाच्या मानाचा प्रश्न येतो तिथे ऋषींनी स्वतःच आपल्या नियमाला सूट दिली आहे.

थोडक्यात, मान तोरेच्या नियमाला हलवू शकत नाही, पण ऋषींच्या नियमाला हलवू शकतो. याची तालमूदमधली उदाहरणे फार घरगुती आहेत. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवशी, दगड उचलणे ऋषींनी मना केले आहे. पण शौचाला जाताना पुसण्यासाठी दगड न्यावे लागत, तेव्हा ते छपरावर चढवून नेण्यालाही मुभा मिळाली. कारण? माणसाचा मान.

तिघांनी ही दोन टोके जोडली. समलैंगिक व्यक्तीला आयुष्यभर कोणतीच शारीरिक जवळीक मिळू नये, जोडीदार मिळू नये, आणि अविवाहित भिन्नलैंगिक माणसाला निदान लग्नाची आशा असते तीही असू नये, हा अपमान आहे. तो शौचाच्या दगडांच्या गैरसोयीपेक्षा कितीतरी मोठा आहे. मग ऋषींचे नियम इथे बाजूला सरतात. तोरेचा एक निषेध मात्र राहतो. म्हणून निर्णय असा : गुदमैथुन वर्ज्य, बाकी जवळीक वर्ज्य नाही, समलैंगिक व्यक्तींना रब्बी होता येईल, जोडप्यांचे स्वागत होईल. विवाहाच्या मुख्य विधीबद्दल, ज्याला ‘किद्दुशिन’ म्हणतात, निबंध निर्णय देत नाही. भिन्नलैंगिक विवाह हाच आदर्श राहतो, आणि ज्यांना दोन्ही बाजूंचे आकर्षण आहे त्यांनी तो मार्ग धरावा असेही निबंध सांगतो. हे शेवटचे कलम क्वीअर वाचकांना सर्वांत जास्त टोचले.

आणि शयनगृहातला एक निषेध पाळला जातो की नाही हे कोण बघणार? लेखकांचे उत्तर असे की मासिक पाळीच्या काळातल्या दुराव्याचे नियम पाळता का, असे आपण विवाहित जोडप्यांना विचारत नाही. तसेच हेही विचारायचे नाही.

रॉथ यांचे ‘नाही’

विरुद्ध बाजूचे जोएल रॉथ न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत तालमूद शिकवत. त्यांच्या निबंधाला द्वेषाचे लेबल लावणे सोपे आहे, पण चूक आहे. समलैंगिक व्यक्तींना सभास्थानात सन्मानाने वागवावे, प्रवृत्तीला पाप समजू नये, असे ते म्हणतात. त्यांचा आक्षेप कायद्याचा होता आणि तो दोन ठिकाणी बसतो.

एक, नाहमानिडीसचे मत असले तरी नंतरच्या संहिता बहुतांशी मायमोनिडीसच्या मागे गेल्या. अल्पमत काढून त्यावर एवढा मोठा बदल बसवणे म्हणजे आधी निकाल ठरवून मग आधार शोधणे. दोन, आणि हा आक्षेप मला जास्त धारदार वाटतो : तालमूदमधल्या उदाहरणांत एखाद्याच्या मानासाठी प्रसंगापुरता नियम बाजूला होतो, आणि बहुधा दुसऱ्याच्या मानासाठी. शोकात असलेल्याचा मान, प्रेताचा मान. नियमाने स्वतःवर घातलेल्या बंधनामुळेच माझा अपमान होतो, म्हणून तो नियम माझ्यापुरता कायमचा उठावा, असा वापर तिथे दिसत नाही. तसा तो चालला तर कोणत्याही नियमाखाली कुचंबलेला माणूस तोच हक्क सांगेल.

समर्थकांकडे याला उत्तर होते. शौचाच्या दगडांत मान दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचाच आहे. आणि ही सूट कोणत्याही गैरसोयीसाठी नाही. अपमान किती खोल, किती काळाचा आणि सुटकेचा दुसरा मार्ग आहे की नाही हे बघायचे. इथे दोन्ही बाजू त्याच पानावरच्या त्याच ओळी वाचत होत्या. उत्तर वेगळे आले, कारण एकाने प्रश्न ‘नियम कुठवर ताणता येतो’ असा मांडला आणि दुसऱ्याने ‘माणूस कुठवर ताणता येतो’ असा.

वैध ठरलेला तिसरा निबंध लिओनर्ड लेव्ही यांचा. त्याला बरोबर सहा मते मिळाली. प्रवृत्ती उपचाराने बदलता येते, निदान काहींच्या बाबतीत, असा त्याचा रोख होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला १९७३ मध्येच विकारांच्या यादीतून काढले होते, आणि अशा उपचारांबद्दल व्यावसायिक संघटनांनी तोवर इशारेही दिले होते. या निबंधाबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे नाही. मात्र सहा मतांच्या नियमाची दुसरी बाजू तो दाखवतो : जो उंबरठा अल्पमताला जपतो, तो विज्ञानाने मागे टाकलेल्या मतालाही जपतो.

जे थेट बोलले ते अडले

आणखी एक निबंध होता, गॉर्डन टकर यांचा. टकर पूर्वी त्याच सेमिनरीच्या रब्बी-शाळेचे अधिष्ठाता होते. त्यांचे म्हणणे, तोरा ही माणसांनी देवाशी झालेल्या भेटीची ठेवलेली नोंद आहे, हे आपला पंथ वर्गात शिकवतो. मग निर्णय देताना मात्र शब्द न् शब्द थेट देवाचा असल्यासारखा धरतो, हे कसे? कायदा फक्त पूर्वनिर्णयांतून वाढत नाही. समाजाचा अनुभव आणि कथा यांचाही त्याला आधार लागतो. म्हणून त्या वचनाचाच अधिकार तपासायला हवा. गुदमैथुनाचा निषेध ठेवून बाकी सोडण्याची कसरत त्यांना करायची नव्हती.

समितीने बहुमताने ठरवले की हा अर्थ लावणे नव्हे, नवा कायदा करणे आहे. अशा प्रस्तावाला ‘तक्काना’ म्हणतात आणि त्याला सहा नव्हे, तेरा मते लागतात. टकर तिथवर पोचले नाहीत. अशाच धाटणीचा आणखी एक निबंधही पोचला नाही. गंमत बघा : वचनाला सामोरा जाऊन ‘हे आता आम्हाला बांधत नाही’ म्हणणारा निबंध पडला, आणि वचनाला नमस्कार करून त्याच्या बाजूने वाट काढणारा टिकला. आपल्याकडच्या धर्मशास्त्रातला ‘कलिवर्ज्य’ हा प्रकार ज्यांनी वाचला आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. जुने वचन खोटे म्हणायचे नाही. ते या युगासाठी नाही, एवढेच म्हणायचे.

म्हणून या निकालाला ‘बायबलच्या क्वीअर वाचनाचा विजय’ म्हणणे बरोबर नाही. विद्यापीठातल्या भाषाशास्त्रीय वाचनाने आणि नाहमानिडीसच्या मताने वचनाची व्याप्ती जवळपास सारखीच ठरवली, ही खरी लक्षणीय गोष्ट. पण समितीत जिंकले ते तेराव्या शतकातले मत. विसाव्या शतकातल्या लेखाला तो मान मिळाला नसता.

नंतर

मतदानानंतर चार सदस्यांनी राजीनामे दिले : रॉथ, लेव्ही, मेयर राबिनोविट्झ आणि जोसेफ प्राऊझर. त्यांच्या मते उदार निबंध वैध हलाखेच्या बाहेर गेला होता, आणि ‘दोन्ही मते वैध’ हे छत्र त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या बाजूला समलैंगिक कार्यकर्त्यांत आनंद होता, पण चडफडही होती. आम्हाला घरात घेतले, पण माजघराच्या दारावर पाटी लावली, असा तिचा सूर.

प्रत्यक्षात काय घडले ते एका कल्पित उदाहरणाने बघू. समजा २००७ साली एकाच शहरात दोन कॉन्झर्वेटिव्ह सभास्थाने आहेत. दोन स्त्रिया बारा वर्षे एकत्र राहतात, त्यांना मूल आहे. पहिल्या सभास्थानाचा रब्बी डॉर्फ यांचा निबंध मानतो. तिथे त्या दोघी कुटुंब म्हणून नाव नोंदवतात, मुलाच्या विधीला दोघी पुढे येतात, आणि त्यांच्यातल्या एकीला रब्बी व्हायचे असेल तर तो शिफारसपत्रही देतो. दुसऱ्या सभास्थानाचा रब्बी रॉथ यांचा निबंध मानतो. तोही त्यांना दारातून परत पाठवत नाही, पण जोडपे म्हणून कोणताही विधी करत नाही आणि शिफारसपत्र देत नाही. दोन्ही रब्बी एकाच संघटनेचे, दोघेही नियमात. पहिल्या रब्बीची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की त्या दोघींचे स्थानही बदलू शकते. बहुविध मतांची ही पद्धत पंथ फुटू देत नाही, पण तिची किंमत कोणीतरी दर वेळी स्वतःच्या खिशातून मोजत असते.

अमेरिकेतल्या शाळांनी मात्र वाट बघितली नाही. लॉस एंजेलिसच्या रब्बी-शाळेने दार उघडले, आणि न्यूयॉर्कच्या सेमिनरीने, नियोजित कुलगुरू आर्नल्ड आयझेन यांनी २६ मार्च २००७ रोजी केलेल्या घोषणेने, उघडपणे समलैंगिक विद्यार्थ्यांना प्रवेश सुरू केला. जेरुसलेममधल्या याच पंथाच्या शाळेला तेच करायला २०१२ उजाडले. इथल्या बेने इस्राएली सभास्थानांवर या समितीचा अधिकार चालत नाही. हा वाद तिथला आणि तिथल्यांचा.

२०१२ च्या मे महिन्यात त्याच तिघांनी लग्नविधीचा राहिलेला प्रश्न हातात घेतला. अडचण मजेशीर होती. ‘किद्दुशिन’ची कायद्याची भाषा अशी आहे की पुरुष स्त्रीला आपल्यासाठी राखून घेतो, अंगठी देतो आणि ती स्वीकारते. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया असतील तर कोण कोणाला राखून घेणार? तो साचा तसाच वापरला तर एकाला नवऱ्याच्या आणि एकाला बायकोच्या जागी बसवावे लागते. म्हणून त्यांनी किद्दुशिनला हातच लावला नाही. दोघांनी बरोबरीने बांधलेल्या कराराच्या आधारावर दोन वेगवेगळे विधी लिहिले, एक परंपरेच्या जवळ जाणारा आणि एक थोडा दूर, आणि सोबत काडीमोडाचा दस्तऐवजही दिला. लग्न लावायचे तर ते मोडण्याची रीतही हवी, हे यहुदी कायद्याला पक्के ठाऊक आहे. यावर मतदान झाले तेव्हा तेरा बाजूने, विरोधात शून्य, एक तटस्थ. भिन्नलैंगिक जोडपीही आता तो बरोबरीचा विधी मागू शकतील का, अशी चर्चा त्यानंतर सुरू झाली. हे २००६ मध्ये कोणाच्या डोक्यातही नसावे.

वचन मात्र आहे तिथेच आहे. योम किप्पूरच्या, म्हणजे उपासाच्या सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत परंपरेने लेवीयचा अठरावा अध्यायच मोठ्याने वाचतात. दिवसभर पोटात अन्नपाणी नसलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात बाविसावे वचन ऐकू येते. कॉन्झर्वेटिव्ह प्रार्थनापुस्तकांत त्या जागी एकोणिसाव्या अध्यायाचा पर्यायही दिलेला असतो, ज्यात ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर’ येते. दोन्हींपैकी काय वाचायचे ते तिथला रब्बी ठरवतो.